निविदापूर्व शंकापत्र: संदिग्ध अटींबद्दल ठेकेदार नेहमी विचारतात ते प्रश्न

हे पान सरकारी बांधकामाच्या आणि पाणीपुरवठ्याच्या निविदा भरणाऱ्या छोट्या-मध्यम ठेकेदारांसाठी आणि त्यांच्या ऑफिसात निविदेचं काम बघणाऱ्यांसाठी आहे. संदर्भ महाराष्ट्रातला आहे: महाटेंडर्स पोर्टल, दोन लिफाफ्यांची पद्धत, बी-१ नमुन्यातला टक्केवारीचा करार. समजायला सोपं जावं म्हणून बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण घेतलं आहे. एका जिल्हा परिषदेची ग्रामीण नळपाणीपुरवठा योजना, अंदाजित रक्कम ४ कोटी ८० लाख, त्यात उंच जलकुंभ, पंपघर आणि सहा किलोमीटर पाइपलाइन. उदाहरणातले आकडे हिशोब दाखवण्यापुरते धरले आहेत.

शंकापत्र म्हणजे नेमकं काय? ते कधी आणि कुठे द्यायचं?

निविदा प्रसिद्ध झाल्यावर आणि ती भरण्याआधी, कागदपत्रांत जे कळत नाही किंवा ज्याचे दोन अर्थ निघतात ते खात्याला लेखी विचारायचं, ते शंकापत्र. निविदापूर्व बैठक ठेवलेली असेल तर पत्र बैठकीच्या आधी पोहोचायला हवं. किती दिवस आधी, ते निविदा सूचनेत दिलेलं असतं. पोर्टलवर निविदेच्या तपशिलात `Clarification Start Date`, `Clarification End Date` आणि `Pre Bid Meeting Date` अशा ओळी दिसतात. पहिल्या दोन तारखांच्या मधला काळ हाच तुमचा काळ. काही निविदांत या ओळी रिकाम्या असतात. म्हणजे बैठक नाही, एवढाच त्याचा अर्थ. निविदा उघडणाऱ्या कार्यालयाला ईमेल आणि आवक शिक्क्यासह पत्र तेव्हाही देता येतं.

पत्र तीन वाटांनी द्या: पोर्टलवर सोय असेल तर तिथे, निविदा सूचनेत दिलेल्या ईमेलवर, आणि आवक-जावक टेबलावर हाताने. तिसरी वाट जुनाट वाटेल, पण आवक क्रमांक असलेली पोचप्रत पुढे जेवढी उपयोगी पडते तेवढं ईमेलचं स्क्रीनशॉट पडत नाही.

अट खरोखर संदिग्ध आहे की फक्त मला गैरसोयीची आहे, हे कसं ओळखायचं?

एक साधी कसोटी आहे. अट वाचून दोन वेगवेगळ्या लोकांना निविदेचा दर काढायला सांगा. दोघांनी प्रामाणिकपणे वाचूनही दोन आकडे आले, किंवा एक पात्र आणि दुसरा अपात्र ठरला, तर अट संदिग्ध आहे. दोघांचा आकडा एकच येतो पण तो तुम्हाला परवडत नाही, तर ती शंका नसून मागणी आहे.

मागणी करायलाही हरकत नाही. ‘पात्रतेची रक्कम जास्त आहे, कमी करावी’ असं विचारता येतं. पण ती वेगळ्या भागात लिहा. शंकांच्या यादीत मागण्या मिसळल्या की कार्यकारी अभियंत्यांच्या टेबलावर सगळी यादी ‘सवलत मागतोय’ या नजरेने वाचली जाते आणि खऱ्या शंकेलाही ‘निविदेतील अटीप्रमाणे’ हेच उत्तर मिळतं.

आत्ता गप्प बसलो आणि वेळ आल्यावर माझा अर्थ मांडला तर काय बिघडलं?

दोन ठिकाणी बिघडतं, आणि दोन्ही ठिकाणी निर्णय तुमच्या हातात नसतो.

पहिलं ठिकाण म्हणजे लिफाफा उघडल्यानंतर पात्रता ठरते ती जागा. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल वाचण्यासारखा आहे आणि तो आपल्याच राज्यातला आहे: अ‍ॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध नागपूर मेट्रो रेल कॉर्पोरेशन. नागपूर मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या कामासाठी ‘मेट्रोच्या स्थापत्य बांधकामाचा’ अनुभव मागितला होता. एका चिनी-भारतीय संयुक्त उपक्रमाकडे चीनमधल्या आंतरशहरी रेल्वेच्या उन्नत मार्गाचा अनुभव होता. आंतरशहरी रेल्वे मेट्रोत मोडते का? मेट्रो कॉर्पोरेशन म्हणाली, नाही. उच्च न्यायालयाचं मत उलट पडलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने कॉर्पोरेशनचा अर्थ कायम ठेवला. ज्याने निविदेची कागदपत्रं लिहिली त्यालाच त्याच्या गरजा उत्तम कळतात. त्याने लावलेला अर्थ न्यायालयाला पटणारा नसला, तरी त्यात दुष्ट हेतू किंवा विपर्यास दिसल्याशिवाय न्यायालय हात घालणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ‘संदिग्ध अटीचा फायदा समोरच्याला’ हे ऐकीव तत्त्व निविदेच्या पात्रतेत फारसं कामाला येत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे काम मिळाल्यानंतरचं बिल. बी-१ कराराच्या कलम ३० मध्ये नकाशे, तपशील आणि सूचनांच्या अर्थाबद्दल वाद झाला तर अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम असं लिहिलेलं असतं. त्याहून आधी तुम्ही निविदा भरताना ‘कागदपत्रं वाचली, जागा पाहिली, सर्व समजलं’ अशा घोषणापत्रावर सही करून ते अपलोड केलेलं असतं. तिसऱ्या रनिंग बिलाच्या वेळी ‘मला वाटलं होतं’ म्हणायला जागा उरत नाही.

कोणत्या अटीत सगळ्यात जास्त गोंधळ असतो?

पात्रतेच्या अनुभवाची अट. आमच्या उदाहरणात ती अशी आहे: ‘बोलीदाराने मागील सात वर्षांत समान स्वरूपाचे किमान एक काम, अंदाजित रकमेच्या ८० टक्के किमतीचे, समाधानकारकरीत्या पूर्ण केलेले असावे.’

वाचायला सरळ आहे. आता तिच्यात बसायचा प्रयत्न करून बघू. ४ कोटी ८० लाखांचे ८० टक्के म्हणजे ३ कोटी ८४ लाख. एका ठेकेदाराने शेजारच्या तालुक्यात जलकुंभ आणि पाइपलाइनचं काम ३ कोटी ६० लाखांत पूर्ण केलं. हा आकडा जीएसटी सोडून आहे. १८ टक्के जीएसटी धरला तर रक्कम ४ कोटी २४ लाख ८० हजार होते. जीएसटी धरून तो पात्र, न धरता अपात्र. अटीत ‘किंमत’ एवढाच शब्द आहे. पूर्णत्वाच्या दाखल्यावर कोणता आकडा येतो ते दाखला देणाऱ्या कार्यालयाच्या सवयीवर असतं. कोणी करासह लिहितं, कोणी करार रक्कम लिहून मोकळं होतं.

एवढ्यावर थांबत नाही. ‘समान स्वरूपाचे’ म्हणजे काय? नुसती पाइपलाइन चालेल की जलकुंभही हवा? सात वर्षं कुठपर्यंत मोजायची: निविदा प्रसिद्धीच्या दिवसापर्यंत, निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत की मागच्या महिनाअखेरपर्यंत? ‘पूर्ण’ म्हणजे पाणी गावात पोहोचलं तो दिवस की अंतिम बिल निघालं तो दिवस? या दोन दिवसांत कधी कधी वर्षभराचं अंतर असतं. आणि संयुक्त उपक्रमात केलेल्या कामाचा तुमचा ४० टक्के वाटा धरायचा की सगळं काम?

केंद्रीय दक्षता आयोगाच्या १७ डिसेंबर २००२ च्या परिपत्रकात याचं ठोस रूप आहे: समान स्वरूपाची प्रत्येकी ४० टक्क्यांची तीन कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. कालावधी सात वर्षं, अर्ज मागवलेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. आणि ‘समान काम’ म्हणजे काय ते स्पष्ट लिहावं, हेही त्यात आहे. हे परिपत्रक केंद्राच्या यंत्रणांसाठी आहे, जिल्हा परिषदेवर ते आपोआप लागू होत नाही. तरी शंकापत्रात त्याचा दाखला द्यायला हरकत नाही. खात्यातल्या माणसालाही अट सुधारायची असेल तर फाइलीवर लिहायला आधार लागतो. तो आयता मिळाला तर काम सोपं होतं.

बीओक्यूमधली शंका कशी शोधायची? तिथे तर नुसते आकडे असतात.

टक्केवारीच्या निविदेत शेड्यूल बी खात्याचं असतं. बाबी, परिमाण, दर सगळं त्यांचं, तुम्ही फक्त किती टक्के कमी किंवा जास्त ते भरता. त्यामुळे बरेच जण बाबींचं वर्णन वाचतच नाहीत. पैसे मात्र तिथेच अडकतात.

उदाहरणातली खोदाईची बाब घ्या. शेड्यूल बीमध्ये लिहिलं आहे: ‘पाइपलाइनसाठी सर्व प्रकारच्या स्तरात चर खोदणे, ३,६०० घनमीटर’, आणि दर एकच. सहा हजार मीटर लांबी, साठ सेंटीमीटर रुंदी, एक मीटर खोली, हिशोब जुळतो. पण दुसऱ्या खंडातल्या तपशिलात म्हटलं आहे की कठीण खडकाची मोजणी खात्याच्या प्रतिनिधीसमोर स्वतंत्र घ्यावी. स्वतंत्र मोजायचा खडक एकाच दरात कसा देणार? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

आता हे कितीला पडतं ते बघा. जागेवर जा आणि पाइपलाइनच्या वाटेवरच्या विहिरी बघा. विहिरीच्या न बांधलेल्या कडेला किती फुटांवर काळा पाषाण लागला ते स्पष्ट दिसतं, आणि विहीर खोदणारा माणूस गावात असेल तर सुरुंग कुठे लावावा लागला तेही सांगतो. समजा ३० टक्के खडक लागेल असं दिसलं. म्हणजे १,०८० घनमीटर. शेड्यूलमधला दर मुरमाचा आहे आणि खडक फोडायला घनमीटरमागे ६०० रुपये जास्त जातात असं धरलं, तर फरक ६ लाख ४८ हजारांचा. ४ कोटी ८० लाखांवर हे १.३५ टक्के होतात. पहिल्या आणि दुसऱ्या बोलीत अनेकदा याहून कमी फरक असतो. ज्याने ही बाब ‘खडक वेगळा मिळेल’ असं धरून भरली तो काम मिळवेल आणि त्यातच बुडेल. ज्याने धोका धरून भरली त्याला काम मिळणार नाही.

म्हणून पत्रात ‘खोदाईच्या बाबीचा खुलासा व्हावा’ असं मोघम लिहू नका. दोन्ही जागा समोरासमोर ठेवा आणि विचारा: वरीलपैकी कोणती तरतूद लागू राहील? शिवाय खात्याने घेतलेल्या चाचणी खड्ड्यांची नोंद आणि पाइपलाइनचा लांबीछेद मागा. नोंद नसेल तर ‘नाही’ असं लेखी उत्तर येईल, आणि तेही पुढे तुमच्याच उपयोगाचं.

दोन खंडांत दोन वेगळ्या मुदती आहेत. मोठा आकडा धरू?

धरू नका, विचारा. हा प्रकार फार वेळा दिसतो, कारण निविदा सूचना ताजी लिहिलेली असते आणि मागचे खंड आधीच्या कामातून उचललेले असतात. निविदा सूचनेत ‘पावसाळ्यासह १२ महिने’ आणि दुसऱ्या खंडातल्या कार्यक्रमात ‘पावसाळा वगळून १२ महिने’, असं उदाहरणात आहे. कार्यादेश १ जानेवारीला मिळाला तर पहिल्या अर्थाने काम डिसेंबरअखेर संपवायचं. जून ते सप्टेंबर वगळले तर मुदत पुढच्या वर्षी एप्रिलअखेरपर्यंत जाते. चार महिन्यांचा हा फरक कलम २ खालच्या विलंबाच्या भरपाईवर, मुदतवाढीच्या अर्जांवर आणि साइटवरच्या सुपरवायझरच्या पगारावर बसतो.

काही निविदांत कागदपत्रांचा प्राधान्यक्रम दिलेला असतो: करारनामा, मग शुद्धिपत्रक, मग विशेष अटी, असा. तो असेल तर उत्तर तुम्हीच काढू शकता, शंका विचारायची गरज नाही. आधी तो क्रम शोधा. नसेल तर ‘प्राधान्यक्रम जाहीर करावा’ हीच तुमच्या पत्रातली पहिली शंका असू द्या. तिच्या उत्तराने पुढच्या अर्ध्या शंका सुटतात.

पत्राचा नमुना मिळेल का?

तक्त्यात पाच रकाने ठेवायची रीत आहे: अनुक्रमांक, खंड-पान-कलम, मूळ मजकूर, शंका, सुचवलेली दुरुस्ती. मूळ मजकूर जसाच्या तसा, निविदेच्या भाषेत उतरवा. इंग्रजी असेल तर इंग्रजीच ठेवा, स्वतःचं भाषांतर करू नका. खालचा नमुना वाचायला सोपा जावा म्हणून ओळींत दिला आहे आणि तीनच शंका घेतल्या आहेत.

> प्रति,
> मा. कार्यकारी अभियंता,
> ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, जिल्हा परिषद, ________
>
> विषय: नळपाणीपुरवठा योजना, मौजे ________, निविदेतील अटींबाबत निविदापूर्व शंका.
>
> संदर्भ: निविदा सूचना क्र. ________, दि. ________, निविदा आयडी ________.
>
> महोदय/महोदया,
>
> उपरोक्त निविदेच्या कागदपत्रांचा आम्ही अभ्यास केला व दि. ________ रोजी जागेची पाहणी केली. खालील अटींचे एकाहून अधिक अर्थ संभवतात. सर्व बोलीदारांनी एकाच आधारावर दर भरावेत यासाठी यावर लेखी खुलासा व आवश्यक तेथे शुद्धिपत्रक प्रसिद्ध व्हावे, ही विनंती.
>
> १) खंड १, पान ____, कलम ____ : ‘समान स्वरूपाचे किमान एक काम, अंदाजित रकमेच्या ८० टक्के किमतीचे’.
> शंका: (अ) किंमत वस्तू व सेवा करासह की कर वगळून धरावी? (ब) नुसती पाइपलाइन किंवा नुसता जलकुंभ असलेले काम समान धरले जाईल काय? (क) सात वर्षांचा कालावधी कोणत्या दिनांकास संपेल?
> सुचवलेली दुरुस्ती: अंदाजित रक्कम ज्या आधारावर (करासह/करविरहित) काढली आहे, त्याच आधारावर अनुभवाच्या कामाची किंमत धरावी.
>
> २) शेड्यूल बी, बाब क्र. ____ आणि खंड २, पान ____, परिच्छेद ____ : बाबीच्या वर्णनात सर्व स्तरांसाठी एकच दर, तपशिलात कठीण खडकाची स्वतंत्र मोजणी.
> शंका: दोन्हींपैकी कोणती तरतूद लागू? स्वतंत्र मोजणी लागू असल्यास कठीण खडकाची बाब व दर शेड्यूलमध्ये समाविष्ट होईल काय? चाचणी खड्ड्यांची नोंद उपलब्ध करून द्यावी.
>
> ३) खंड २, पान ____, कलम ____ : ‘योजना तीन महिने चाचणी तत्त्वावर चालवून हस्तांतरित करावी’.
> शंका: या कालावधीतील वीज देयक कोण भरेल? दोषदायित्व कालावधी चाचणी सुरू होण्याच्या दिनांकापासून की हस्तांतरणाच्या दिनांकापासून मोजावा?
>
> खुलासा निविदा सादर करण्याच्या अंतिम दिनांकापूर्वी पुरेसा वेळ ठेवून मिळावा. शुद्धिपत्रकामुळे दरात बदल संभवत असल्यास निविदा सादर करण्यास मुदतवाढ द्यावी.
>
> आपला विश्वासू,
> (सही, शिक्का, नोंदणी वर्ग)

तिसऱ्या शंकेचं वजन किती, असं कोणी विचारेल. १५ अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास चालला तर तीन महिन्यांत सुमारे आठ हजार युनिट. खडकाच्या मानाने रक्कम लहान आहे. पण दोषदायित्व कधी सुरू होतं यावर तुमची सुरक्षा अनामत किती दिवस अडकून राहणार ते ठरतं, आणि वीज जोडणी मिळायला उशीर झाला तर चाचणीच सुरू होत नाही. जोडणीचा उशीर तुमचा नसतो, अडकलेले पैसे तुमचे असतात.

‘सुचवलेली दुरुस्ती’ लिहिणं आगाऊपणा होत नाही का?

उलट तोच रकाना सर्वात कामाचा. नुसती शंका विचारली की उत्तर तयार करायचं काम शाखा अभियंत्यावर पडतं आणि त्याच्याकडे त्या आठवड्यात आणखी चार निविदा असतात. तयार वाक्य दिलं तर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढंच लिहायचं राहतं. फक्त वाक्य सर्वांना सारखं लागू पडेल असं असू द्या. तुमच्याच एका कामाच्या मापाने शिवलेली दुरुस्ती वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते. वरच्या नमुन्यात ‘जीएसटीसह धरावी’ असं न लिहिता ‘त्याच आधारावर’ लिहिलं आहे ते यासाठीच. अंदाजपत्रक करविरहित असेल तर आपला ३ कोटी ६० लाखांवाला ठेकेदार त्यात बसणार नाही हे खरं, पण ही दुरुस्ती मान्य होण्यासारखी आहे.

मी विचारलं तर प्रतिस्पर्ध्यांना माझी कमजोरी कळेल. आणि उत्तर माझ्या विरुद्ध गेलं तर?

ही भीती खोटी नाही. चांगल्या कार्यालयांत उत्तरं प्रसिद्ध करताना शंका कोणी विचारली ते लिहीत नाहीत. जागतिक बँकेच्या प्रमाण निविदा दस्तऐवजात तर विचारणाऱ्याचं नाव न देता उत्तर सर्वांना पाठवावं असं स्पष्ट आहे. पण बैठकीत दहा माणसं एका खोलीत बसतात, तिथे कोण काय विचारतंय ते सगळ्यांना दिसतं. म्हणून नाजूक शंका आधी लेखी द्या आणि बैठकीत तिच्यावर बोलू नका. ‘आमचे ३ कोटी ६० लाखांचे काम चालेल काय’ असं कधीच लिहू नका. ‘किंमत करासह की करविरहित’ एवढं पुरे.

उत्तर विरुद्ध जाण्याबद्दल मी दोन प्रकार वेगळे धरतो. पात्रतेच्या अटीबद्दल नेहमी विचारावं. विरुद्ध उत्तर आलं तर बयाणा रक्कम आणि पंधरवड्याची धावपळ वाचते. आणि न विचारता भरलंत तर प्रतिस्पर्धी तांत्रिक लिफाफा उघडल्यावर तक्रार करणारच आहे. दराच्या बाबींत मात्र काही ठेकेदार मुद्दाम गप्प राहतात: संदिग्धता आपल्याला कळली, दुसऱ्याला नाही, तर आपण योग्य दर भरू आणि तो बुडेल. यात एक फट आहे. तो बुडेल, पण काम त्यालाच मिळेल. संदिग्धतेचा फायदा नेहमी तिला न ओळखणाऱ्याला मिळतो, निदान लिफाफा उघडण्याच्या दिवशी. सगळ्यांनी एकच अर्थ धरून भरणं हे नीट हिशोब करणाऱ्याच्याच फायद्याचं आहे.

बैठकीत साहेबांनी तोंडी सांगितलं, ‘खडक वेगळा देऊ’. पुरेसं नाही का?

नाही. बदली झाली की वाक्यही बदलीवर जातं. बैठकीचं इतिवृत्तसुद्धा नुसतं तयार होऊन उपयोग नाही, ते पोर्टलवर शुद्धिपत्रक म्हणून चढलं पाहिजे. आपल्याकडे अनेक खाती बैठकीनंतरचे बदल ‘कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन’ या नावाने, बोलीभाषेत सीएसडी, प्रसिद्ध करतात. तो सीएसडी सर्व बोलीदारांना सारखा लागू होतो आणि करारनाम्याचा भाग बनतो. निविदेत सांगितलं असेल तर त्याच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का करून तांत्रिक लिफाफ्यात जोडावा लागतो. तो न जोडल्यामुळे अपात्र ठरलेले लोक आहेत, त्यामुळे शेवटच्या दिवशी सकाळी पोर्टल पुन्हा एकदा उघडून बघा. शुद्धिपत्रक क्रमांक २ आदल्या संध्याकाळी चढवलेलं असू शकतं.

तोंडी उत्तर मिळालंच तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आजच्या बैठकीत बाब क्र. ____ बाबत कठीण खडकाची स्वतंत्र मोजणी होईल असे सांगण्यात आले. याचा समावेश शुद्धिपत्रकात व्हावा.’ शुद्धिपत्रकात ते आलं नाही, तर मिळालं नाही असं समजून दर भरा.

सगळ्या शंकांना ‘निविदेतील अटीप्रमाणे’ असं उत्तर आलं. आता?

हे उत्तर नसून उत्तर टाळणं आहे, पण त्यालाही अर्थ आहे. जिथे निविदेतली एकच अट लागू होती तिथे खात्याने ती बदलणार नाही असं सांगितलं. जिथे दोन अटी एकमेकींशी भांडत होत्या तिथे त्यांनी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या प्रकारापुरतं पुन्हा एकच, छोटं पत्र द्या, यावेळी प्रत अधीक्षक अभियंत्यांना किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना: ‘कलम ____ व कलम ____ परस्परविरोधी असल्याने “निविदेतील अटीप्रमाणे” या उत्तरातून कोणती तरतूद अभिप्रेत आहे ते स्पष्ट होत नाही.’

तरीही काही आलं नाही तर वाईट अर्थ धरून दर भरा, किंवा भरू नका. पात्रतेच्या अटीने तुम्हाला अन्यायाने बाहेर ठेवलं जातंय असं वाटत असेल आणि काम तेवढं मोठं असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. पण तो निविदा उघडण्यापूर्वी, वकिलाचा सल्ला घेऊन. निमूटपणे निविदा भरली, हरलो, आणि मग अटीला आव्हान दिलं, अशा याचिकाकर्त्याकडे न्यायालयं सहसा सहानुभूतीने बघत नाहीत. तेव्हा तुमची पोचप्रत असलेली शंकापत्रंच दाखवतात की तुम्ही वेळेत बोलला होता.

मग निविदेसोबतच ‘आम्ही खडक वेगळा मिळेल असे गृहीत धरले आहे’ असं पत्र जोडलं तर?

ती सशर्त निविदा झाली. बहुतेक निविदांत सशर्त बोली सरळ नाकारायची तरतूद असते. शंका निविदेच्या आधी चालते, निविदेच्या आत नाही. आर्थिक लिफाफ्यात तर एक ओळही जास्त जोडू नका.

शंका किती असाव्यात?

तुमच्या दरावर किंवा पात्रतेवर परिणाम करतात तेवढ्याच. शुद्धलेखनाच्या चुका, पान क्रमांकांची गडबड, ‘सदर’ आणि ‘सदरील’ यातला फरक यावर वेळ घालवू नका. पन्नास शंकांच्या यादीत पाच खऱ्या असतात आणि त्या वाचणाऱ्याला सापडत नाहीत. सर्वात महाग शंका सर्वात वर ठेवा.

शंका पाठवायची तारीख उलटून गेली आणि चूक आज दिसली.

तरीही पाठवा. खात्यावर उत्तर द्यायचं बंधन राहत नाही, पण निविदा भरण्याची तारीख उलटेपर्यंत शुद्धिपत्रक काढायला त्यांना सहसा मोकळीक असते. चूक त्यांच्या अंगाशी येणारी असेल, उदाहरणार्थ शेड्यूल बीमधल्या एका बाबीचं परिमाण दहापट पडलं असेल, तर उशिरा आलेलं पत्रही तातडीने वाचलं जातं. अशा वेळी ईमेल पाठवून थांबू नका, निविदा लिपिकाला फोन करून पत्र आवक झालं का ते विचारा.

संयुक्त उपक्रमात भरायचं आहे. पत्र कोणी द्यायचं?

प्रमुख भागीदाराने, आणि उपक्रम अजून नोंदला नसेल तर स्वतःच्या नावाने दिलं तरी चालतं. शंका विचारण्यासाठी बोलीदार असावंच लागतं असं नाही. इच्छुक असणं पुरेसं आहे, निविदेत फी भरल्याची अट घातलेली नसेल तर.